भट्टीमास्तरांच्या डब्याचं झाकण

बारक्या,

तुला पत्र लिहून उपयोग नाही, हे मला कळतं. तू जाऊन आठ महिने झाले. पण काल स्वयंपाकघरातली फळी पुसताना ते झाकण पुन्हा हाताला लागलं, आणि आता मला गप्प बसवत नाही. तुझ्यामागे लोक बोलले की साहेबाने मित्राला मारलं. तसं नव्हतं. कसं होतं, ते कुणीतरी नीट सांगायला हवं.

तू काचेच्या कारखान्यात लागलास तेव्हा काच वितळवायची भट्टी सांभाळणारे भट्टीमास्तर भेटले, तुझ्याच वयाचे. अठरा वर्षं तुम्ही दोघं भट्टीच्या मागच्या बाकावर एकाच डब्यात जेवलात. कुणाचा डबा आणि कुणाची भाजी, याचा हिशेब दोघांच्याही बायकांना लागत नसे. चुकलास की मास्तर तुला सगळ्यांदेखत गाढव म्हणायचे, आणि तू ऐकायचास. मग तू सगळ्या कारखान्याचा मुख्य झालास. त्या दुपारी मास्तर म्हणाले, "बढती झाली की माणसाचे कान जातात आणि केस जातात. तुझे केस आधीच गेलेत, तेव्हा कान सांभाळ."

तू हसलास. आणि डबा संपता संपता म्हणालास, "एक कर. लोकांसमोर मला साहेब म्हणत जा."

तुझं फार चुकलं असं मी म्हणत नाही. गाढव म्हणवून घेणाऱ्या माणसाचं तीनशे लोक ऐकत नाहीत. पण मास्तर मानी. दुसऱ्या दिवसापासून ते तुला एकांतातही साहेब म्हणू लागले, आणि बाकावर एकटे जेवू लागले. त्या शेवटच्या डब्याचं झाकण तेवढं तुझ्या हातात राहिलं. ते तू टेबलाच्या खणात ठेवलंस. परत द्यायला जायचं, तर साहेबाने झाकण घेऊन भट्टीवर जायचं कसं?

मग सुरू झालं तुझं रिकाम्या टेबलाचं व्रत. संध्याकाळी सहाला टेबलावर एकही कागद राहता कामा नये. लोक वाखाणायचे. मला आधीच संशय यायला हवा होता. सकाळी नऊपासून तुझ्याकडे माणसं येत. रजा कुणाला, पाळी कुणाची बदलायची, उपाहारगृहात ताटं स्टीलची की काचेची, फाटकाला रंग कोणता. पूर्वी खालची माणसं यातलं निम्मं आपापसांत मिटवत. पण तू एकदा ठरवून दिलंस की लोकांना ठरवायची सवय राहत नाही. दुपारपर्यंत तू विचार करून सही करायचास. चारनंतर नुसती सही. पाचनंतर जे अवघड दिसेल त्यावर एकच वाक्य: पुढच्या सोमवारी बोलू.

आणि रविवारी अकराला मला फोन. "ताई, चादर निळी घेऊ की पांढरी?" "ताई, डॉक्टर सकाळचा बघू की संध्याकाळचा?" मी वैतागायचे. तीनशे माणसं हाकतोस आणि चादर ठरवता येत नाही, असं तुला किती वेळा सुनावलं असेल. तू म्हणायचास, "तू सांग ना, मी तेच करतो." मला वाटायचं, लाडावलाय. आठवडाभर ओढून ओढून विहिरीचा तळ लागलेला माणूस तांब्याभर पाणी मागतोय, हे मला दिसलं नाही.

मास्तरांची पहिली चिठ्ठी आली ती संध्याकाळी साडेपाचला. त्या दिवसातला एकोणचाळिसावा कागद, तूच मला मागाहून सांगितलंस. चिठ्ठीत दोन ओळी: भट्टीची भिंत बाहेरून लाल दिसू लागली आहे, काचेत विटेचे खडे येत आहेत. भट्टी थंड करून आतल्या विटा बदलाव्या.

भट्टी थंड करायची म्हणजे चार महिने कारखाना बंद. निम्म्या माणसांना घरी बसवायचं. वरचे संचालक आधीच म्हणत होते की हा माणूस घाबरट आहे. त्यांना विचारलं तर घाबरट ठरणार. खाली कुणाला विचारलं तर तासाभरात बातमी फुटणार, आणि चांगले कारागीर दुसरीकडे नोकरी शोधणार. घरी बायकोला सांगावं, तर तिचं उठणं-बसणं कामगारांच्या बायकांत. ऐकून तिने कुणाच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं? भट्टीतलं कळणारा आणि तुझं कळणारा माणूस एकच होता, आणि चिठ्ठी त्याचीच होती. तू लिहिलंस, पुढच्या सोमवारी बोलू.

सोमवार आला, गेला. दुसरी चिठ्ठी आली, तिच्यावरही तेच वाक्य.

मधल्या रविवारी तुझा फोन आला. चादर नाही, डॉक्टर नाही. तू म्हणालास, "ताई, एक विचारू? कामाचं आहे."

माझं काय चाललं होतं तेव्हा? काही नाही. भाजी निवडत होते. म्हटलं, "तुझ्या कामातलं मला काय कळतंय? तुझ्या माणसांना विचार."

तू म्हणालास, "माणसांना. हो." आणि फोन ठेवलास.

मी तीस वर्षं रसायन शिकवलं, बारक्या. काच म्हणजे काय आणि तापलेली काच विटेला कशी खाते, ते फळ्यावर आकृती काढून शिकवलं. मला कळलं असतं. नसतं कळलं तरी ऐकता आलं असतं.

तिसऱ्या सोमवारी मास्तर स्वतः आले. दारातच उभे राहिले, आणि तू बस म्हणाला नाहीस. सकाळपासून तू गणवेशाच्या कापडापासून दोन फोरमनच्या भांडणापर्यंत सगळं निस्तरलं होतंस. ते म्हणाले, "साहेब, भट्टीचं काय करायचं?"

तू म्हणालास, "आज नको."

"बरं, साहेब."

एवढंच. जुने मास्तर असते तर म्हणाले असते, गाढवा, चार बोटं भिंत उरलीय. तू भट्टी बंद केली असतीस. मला शपथेवर सांगितलंस, केली असतीस. पण साहेबाला कोण गाढव म्हणणार?

गुरुवारी दुपारी भिंत फुटली. वितळलेली काच वाहायला लागली. मास्तरांनी सगळ्यांना बाहेर हाकललं आणि गळती गोठवायला पाण्याचा पाइप घेऊन स्वतः पुढे झाले. अकरा दिवस जगले.

तुला रुग्णालयात जाऊ दिलं नाही. वकिलांनी बजावलं होतं, चौकशी संपेपर्यंत मास्तरांच्या घरच्यांना भेटायचं नाही, चूक झाली असं कुणासमोर म्हणायचं नाही. म्हणजे रडायलाही परवानगी हवी. तुझ्या टेबलावर त्या दोन चिठ्ठ्या मांडून अनोळखी माणसं तुला तारखा विचारत राहिली. चौकशी संपली आणि तू राजीनामा दिलास. त्यावरची सही मात्र तू सकाळी नऊला केलीस.

पुढच्या रविवारी तू फोन न करता माझ्या घरीच आलास. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाकण ओट्यावर ठेवलंस. म्हणालास, "ताई, हे मास्तरांच्या घरी देऊन येशील? मी खाली रस्त्यावर थांबतो."

मी म्हटलं, आपण दोघं जाऊ, आणि तू वर यायचंस, तोंड दाखवायचंस. तू मान डोलावलीस. "कधी जायचं ते तू ठरव," म्हणालास.

आणि मी, शिकवायची खोड जन्माची, म्हणाले, "नाही. दिवस तू ठरव."

चार महिने तू दर रविवारी येत होतास. चहा घ्यायचास, झाकणाकडे बघायचास, जायचास. मी वाट बघत होते, की हा एवढं तरी स्वतः ठरवेल. मग एका सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला.

मास्तरांचं घर माझ्या दारापासून वीस मिनिटांवर आहे. झाकण घासून ठेवलंय. अजून दिवस ठरलेला नाही.