काचेवरची लाल शाई

रोझेर लोकरीच्या दुकानाचं शटर वर करायला आली आणि जागीच थांबली. ऑगस्टच्या सुट्टीची सूचना तिनं काल दाराशेजारच्या काचेवर बाहेरून चिकटवली होती, वर इथली कातालान भाषा आणि खाली स्पॅनिश. त्यावर कुणीतरी लाल शाईचा सडा घातला होता.

‘दे आगोस्त’मधला स्वर खाऊन वर स्वल्पविराम लटकवला होता. एक तारखेच्या आकड्याआधीही तसाच. ‘फिन्स एल’चं ‘फिन्स आल’ केलं होतं. ‘लागेल’ अशा अर्थाचं ‘तेनेन के’ सरळ खोडून शेजारी लिहिलं होतं: ‘हे स्पॅनिश आहे!’ खालच्या स्पॅनिश मजकुरात मात्र एकही खूण नव्हती.

नेहमीची गिऱ्हाईक एन्कार्ना आली आणि आत येताच तिनं मोबाइल पुढे केला. “बघितलंस? सूचनेचा फोटो अख्ख्या ओलोत गावाच्या ग्रुपवर फिरतोय. ‘इथे भाषाही उसवलेली मिळते’ म्हणे. उलेगेरनं टाकलाय.”

उलेगेर! कातालानच्या वर्गात शिकवणारा. त्याचं पहिलं टोपडं रोझेरनं विणलं होतं.

दहा वाजता तोच आईसाठी लोकर न्यायला आला आणि थेट गल्ल्यापाशी पोचला.

“रांगेत शेवटचं कोण ते विचार आधी,” रोझेर म्हणाली. “इथे पाच बायका उभ्या आहेत.”

तो ओशाळून मागे सरकला. “सेन्योरा रोझेर, रागावू नका. चुका खऱ्याच आहेत.”

“खऱ्याच आहेत. मी कुठे नाही म्हणतेय? आत येऊन सांगायला तोंड नव्हतं?”

“मी भाषेसाठी केलं.”

“भाषेसाठी!” रोझेरच्या हातातली कात्री टेबलावर आपटली. “या भाषेत मी लेकीला झोपवलं, आईला शेवटचा निरोप दिला. आमच्या वेळी, हुकूमशाहीत, शाळेत ती तोंडातून निघाली की बोटांवर पट्टी बसायची. लिहायची ती फक्त स्पॅनिश. म्हणून खालचं सगळं बरोबर आहे, बाळा. तुला शाळेनं आयती शिकवली आणि तू मला हसतोस?”

“अगदी बरोबर!” रांगेतून एक आवाज आला.

“मी... छान छापून आणतो. फक्त कातालानमध्ये.”

“काही नको. आणि एन्कार्नानं काय वाचायचं? तिला स्पॅनिशच येतं.” रोझेरनं कोरा कागद ओढला. “तू सांग. लिहीन मी.”

तो सांगत गेला. दोन स्वर भेटले की पहिला गळतो. ‘तेनेन के’ नाही, ‘आन दे’. तिनं वरचे स्वल्पविराम दाबून काढले, खाली स्पॅनिश जसंच्या तसं उतरवलं आणि नवा कागद काचेवर लावला.

“आता याचा फोटो काढ. त्याच ग्रुपवर टाक. कुणी लिहिलंय तेही लिही.”

उलेगेर घुटमळला. पाचही बायका त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं फोटो काढला, पाठवला आणि माफी मागितली.

तिनं लोकर बांधून दिली. तिचा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता.