दहाव्याचा शब्द आणि विक्रीकराचा नंबर

पोराचा दहावा पुणतांब्याला गोदावरीवर केला. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवंना. वरच्या झाडावर बसून नुसता बघायचा. भावकी एकेक करून पुढं झाली. कुणी म्हणालं, तुझ्या बापाला आम्ही संभाळू, कुणी म्हणालं, कर्माधर्मात कमी पडणार न्हाई. कावळा हलला नाही. शेवटी मी हात जोडले आणि म्हणालो, "तुझं दुकान मी बंद पडू द्यायचा न्हाई." तसा तो उतरला.

लोक म्हणतात, कावळ्याला भूक लागली म्हणून उतरला. म्हणू देत. मी शब्द दिला होता.

राहात्याला रस्त्याच्या कडंला पोराचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्याची आई आधीच गेलेली, त्याच्या लग्नाचं बघत होतो तेवढ्यात हा प्रकार. घरात मी एकटा उरलो. रोज सकाळी शटर वर करायचं आणि गल्ल्यामागं बसायचं, एवढंच. वॉशर कुठला, सील कुठलं, मला काही कळत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडं बघायचं आणि निघून जायचं. फोन वाजला की पलीकडचा माणूस पोराचंच नाव घ्यायचा. मी म्हणायचो, "बाहेर गेलाय." का म्हणायचो कोण जाणे.

मग बाजारपेठेतला एक व्यापारी यायला लागला. पोराच्या ओळखीचा. म्हणाला, "नाना, तुमी कशाला तरास घेता? दुकान मी चालवतो. पाटी त्याचीच राहील, विक्रीकराचा नंबर त्याचाच राहील. फोनसुदिक राहू द्या, नवा मागाया गेलो तर वर्षं जात्यात."

"आन तो गेला हे कळवायचं न्हाई का कुटं?"

"कुणाला कळवताय? सरकार काय दहाव्याला आलं हुतं?"

मला हसू आलं. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा. वाटलं, शब्द राहिला आपला. किल्ली दिली त्याला.

एक दिवस दुपारी दुकानात गेलो. तो टेबलावर वाकून लिहीत होता. परराज्यातून कमी करात माल आणायला व्यापाऱ्याला विक्रीकर खात्याकडून छापील फॉर्म मिळायचे. पोराने आणलेल्यातले कोरे उरले होते, त्यातला एक समोर होता. माझं शिक्षण चौथीपर्यंतही धड नाही. पण पोराची सही मला ठाऊक होती. शेवटचं अक्षर तो खाली ओढून परत वर वळवायचा. त्या माणसाने एका रद्दी कागदावर तीच सही परत परत काढून बघितली होती, आणि आता फॉर्मावर करत होता. हुबेहूब.

"ह्ये काय चाललंय?"

"नाना, नंबर त्याचा, मग सही बी त्याचीच पायजे ना. तुमी चहा घ्या."

राख मी माझ्या हाताने नदीत सोडली होती. आणि इथं कागदावर पोरगा अजून माल मागवत होता.

"किल्ली ठिव," मी म्हणालो. "आन सगळे फॉर्म इकडं दे."

"लई अडाणी हाय तुमी."

"हाय. ठिव किल्ली."

पोराचं कराचं काम बघणाऱ्या वकिलाकडं गेलो. तो म्हणाला, "बरं झालं वेळेत आलात. त्या नंबरवर माल फिरला असता आणि कर बुडाला असता तर खातं वारसाच्या दारात आलं असतं. आणि नाव तुमच्या मुलाचं खराब."

ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढला आणि नगरला विक्रीकर कचेरीत गेलो. वारस म्हणून अर्ज दिला, नोंदणीचा मूळ दाखला दिला, उरलेले कोरे फॉर्म दिले, आणि तो सही केलेलाही दिला. कारकुनाने त्यावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, "दुकान तुम्हीच चालवणार का आजोबा? चालवणार असाल तर तुमच्या नावावर नवीन नोंदणी घ्या. हा नंबर तुम्हाला चालणार नाही."

मला घाटावर दिलेला शब्द आठवला. मागं माणसं उभी होती.

"न्हाई," म्हणालो. "बंद करा."

त्याने अर्जाची पोच दिली. नोंदणी रद्द झाल्याचा हुकूम पोस्टाने येईल म्हणाला. आलाही. टेलिफोनच्या कचेरीतही अर्ज दिला. वायरमन येऊन यंत्र घेऊन गेला. तहसिलीत रेशनकार्डावरचं त्याचं नाव कमी करून आणलं. त्या कार्डावर आता मी एकटाच. व्यापारी आजही समोरून आला की रस्ता बदलतो. बदलू दे.

हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुणतांब्याला गेलो. घरून भाकरी बांधून नेली होती. घाटावर त्याच जागी कुस्करून ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं, "दुकान बंद केलं बाबा. तुझी सही दुसरा करत हुता. मला बघवलं न्हाई."

झाडावर कावळे होते. एकही खाली आला नाही. उन्हं कलेपर्यंत बसलो. घाटावर धुणं धुणाऱ्या बायाही उठून गेल्या. मग एसटी धरायची म्हणून उठलो. भाकरी तिथंच राहू दिली.