चिमीसाठी विश्वस्त

लॉन्ड्रीवाल्यांना गोड बोलणाऱ्या माणसांचा वीट आला होता. आपल्यामागे चिमीचं काय, हा विषय निघाला की नातेवाइकांच्या तोंडातून नुसती साखर गळायची. "आम्ही आहोत ना!" म्हणायचे, आणि जेवताना चिमीच्या हनुवटीवरून घास ओघळला की तीच माणसं आपलं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

चिमी पस्तिशीची, समज मात्र तीन-चार वर्षांच्या पोरीची. तिची आई गेलेली, आणि लॉन्ड्रीवाल्यांच्या छातीने दोनदा इशारा दिलेला. म्हणून ते वकीलबाईंकडे गेले.

"तिच्या नावावर काही ठेवू नका," वकीलबाई म्हणाल्या. "कोणीही तिचा अंगठा लावून घेईल. शिल्लक ट्रस्टमध्ये घाला, दुकान मृत्युपत्राने ट्रस्टला द्या. विश्वस्तांनी ते फक्त तिच्यासाठी वापरायचं. विश्वस्त कोण?"

"मी आणि थोरला. माझ्यामागे तोच तिचा पालक म्हणून त्याचंच नाव सुचवायचं. आणि चिमीनंतर उरेल ते त्यालाच."

"म्हणजे सांभाळणारा तोच, पैसे धरणारा तोच आणि उरलेलं घेणाराही तोच?"

"पोटचा पोरगा आहे माझा!"

"असू दे की. पण ट्रस्ट आत्ताच सुरू करा आणि काही दिवस बाजूला होऊन बघा. तुम्ही आहात तोवर विश्वस्त बदलायचा अधिकार तुमच्याकडे ठेवलाय. नंतर बघायला तुम्ही नसाल."

बाईंना माणसांवर विश्वास नाही, असं मनात म्हणत त्यांनी ट्रस्टच्या खात्यात थोडी रक्कम भरली, दुकान कारागिरावर आणि चिमीला थोरल्यावर सोपवलं, आणि महिनाभर मित्राच्या गावी जाऊन राहिले.

परतले तेव्हा थोरल्याने हसत पावत्यांची फाईल पुढे केली. "बघा बाबा, एक पै इकडची तिकडे नाही." खरंच नव्हती. औषधं, साबण, आणि डायपरची खोकीच्या खोकी.

"डायपर कशाला?"

उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत, आतल्या खोलीत गेले. खोलीत आंबट वास कोंडला होता. मेणकापडावर चिमी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांड्या सोलवटून लाल झालेल्या. लघवीला जायचं असलं की बापाची बाही ओढायची, हे तिच्या आईने तिला कित्येक वर्षं मागे लागून शिकवलं होतं. हात धरून त्यांनी तिला न्हाणीकडे नेलं, तर ती दारात नुसती उभी राहिली.

"ती सांगायची रे स्वतःहून!"

"हो, पण दर दोन तासांनी उठणार कोण? आमचीही कामं आहेत," थोरला म्हणाला. "सगळ्यांचीच सोय झाली. आणि खर्च तिच्यासाठीच केलाय ना?"

लॉन्ड्रीवाल्यांनी उभा जन्म परक्यांचे घाण कपडे उपसले, कधी नाक मुरडलं नाही. त्या दिवशी पोटच्या पोराच्या स्वच्छ, इस्त्रीच्या शर्टाची त्यांना शिसारी आली. पोराने चोरी केली असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याने तर हिशेब चोख ठेवून बहिणीला सडवलं होतं.

"माझ्यामागे चिमीला संस्थेतच ठेवायचं. उरलेलंही त्याच संस्थेला द्या," दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंना म्हणाले.

"तिला सांभाळणाऱ्या कोणालाच नको. ती लवकर गेल्याने ज्याचा फायदा होईल, त्याच्या हातात तिचं ताट देऊ नका. उरलेलं एखाद्या दूरच्या रुग्णालयाच्या निधीला जाऊ दे. पैसे बँकेचा ट्रस्ट विभाग बघेल, फी घेऊन. पण न कळवता जाऊन तिला बघणारं, आणि त्याने पाहिल्याशिवाय पुढचे पैसे सुटणार नाहीत असं एक माणूस विश्वस्तांत हवं. आहे कोणी?"

लॉन्ड्रीवाल्यांनी सगळा गोतावळा डोळ्यांपुढून फिरवला आणि प्रत्येक चेहऱ्यावर मनातल्या मनात थुंकले. शेवटी उरली मेव्हणी. कडूमावशी. लग्नात मांडवाला नावं ठेवणारी, बहिणीच्या तेराव्याला भांडून गेलेली, 'आम्ही आहोत ना' एकदाही न म्हणालेली. तिच्याशी बोलणंसुद्धा बंद होतं. तरी त्यांनी फोन लावला.

कडूमावशी आली. पाणीही न पिता थेट चिमीपुढे बसली, तिचे हात उलटसुलट केले, कानामागे पाहिलं, मांड्यांवरचं मलम बोटाने चाचपलं.

"जखम सुकतेय," ती म्हणाली. मग भावजींकडे वळली. "पण दातांना कीड लागलीय हिच्या, ती काही महिन्याभरातली नाही. गालात घास धरून बसते बघा. तुम्हाला दिसलं नाही? बाप ना तुम्ही?"

लॉन्ड्रीवाल्यांच्या कानशिलांपर्यंत राग चढला. उलट उत्तर ओठांवर आलं होतं. मग त्यांनी चिमीला तोंड उघडायला लावलं. मागच्या दोन दाढा काळ्या पडल्या होत्या.

त्यांनी ट्रस्टच्या दस्ताचा नवा मसुदा मेव्हणीपुढे सरकवला. "इथे सही करा," ते म्हणाले. "आणि माझ्यामागेही असंच बोला सगळ्यांना."