नमस्कारानंतरचा राँग नंबर

कापडाच्या दुकानात तुकडे साठतात, तसेच किस्सेही. तुकडे सेलमध्ये जातात, किस्से कोण घेणार? हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या दुकानातले बहुतेक किस्से गल्ल्याजवळच्या लँडलाइनचे, आणि लँडलाइन म्हणजे मालक अण्णा!

हुबळीत फोनवर नाव नंतर येतं. आधी "नमस्कार्री, आराम? ऊट आत्री?" म्हणजे जेवण झालं का. एवढं झाल्यावर कळतं की नंबर चुकलाय. आता ठेवणार कसा?

अण्णांची पद्धत ठरलेली. "क्षमा करा हं, हे कापड दुकान. आपण कुठला नंबर लावला?" नंबर समोरच्यानेच सांगायचा, म्हणजे बोट चुकलं की लिहिलेलाच चुकीचा, ते कळतं. शेवटी "असू दे, होतं असं," आणि फोन त्यांनी ठेवल्यावर आपण ठेवायचा.

आमचे हिशेबनीस जोशी एकदा "राँग नंबर!" म्हणून आपटून मोकळे झाले. तोच माणूस लगेच पुन्हा, मग पुन्हा! शेवटी अण्णांनी घेतला. त्याच्या मोबाइलमध्ये आमचाच नंबर सासऱ्यांच्या नावाने सेव्ह होता. अण्णा म्हणाले, "जोशी, तुम्ही त्याला हाकललंत, पण त्याचा सासरा इथंच राहिला की!"

एका गृहस्थांनी नमस्कार होताच दाढेचं दुखणं सुरू केलं. त्यांना डेंटिस्ट हवा होता. त्यांनी श्वास घेताच अण्णा शिरले, "थांबा, दुसऱ्याचं दुखणं ऐकायचा मला हक्क नाही. पण तोवर लवंग धरा."

जुन्या हुबळीच्या एक अक्का बहिणीला फोन लावायच्या आणि तीनऐवजी आठ दाबायच्या. पहिल्याच वेळी अण्णांनी "जेवलो" सांगितलं, मग राँग नंबर निघाला. अक्का म्हणाल्या, "मग जेवलात ते तरी खरं का?" अण्णांचा डबा तेव्हा उघडायचाच होता. ते लाजले! पुढे दर आठवड्याला तीच चूक, तेच "शेवटी तीन हं, अक्का".

अण्णा गेले. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं अजून. त्यांचा मुलगा सुनील म्हणाला, "लँडलाइन काढू या. राँग नंबरशिवाय येतंय काय?" मला ते लागलं, पण दुकान त्याचं.

तो वायर गुंडाळायला उठला आणि फोन वाजला. त्यानेच घेतला, स्पीकरवर.

"नमस्कार्री. ऊट आत्री?"

"आत्री," सवयीने सुनील म्हणाला. मग अगदी अण्णांसारखंच, "क्षमा करा हं, हे कापड दुकान. आपण कुठला नंबर लावला?"

"हाच की. बहीण जाऊन वर्ष झालं रे, तरी मी आठच दाबते. मी आजारी होते, म्हणून मध्ये फोन नाही केला. अण्णांना दे."

सुनीलने माझ्याकडे बघितलं. "जुन्या हुबळीच्या अक्का," मी हळूच सांगितलं.

"अक्का, अण्णा गेले. मी त्यांचा मुलगा."

अक्कांनी फोन ठेवला नाही. सुनीलनेही नाही.

"आत्ता जेवलो म्हणालास," अक्का म्हणाल्या, "ते तरी खरं का, बाळ?"