एकनाथ मास्तरांचा अंतरा

आमच्या शाळेत दोन विषय बिनकामाचे मानले जात. एक माझा, म्हणजे कवायत. आणि दुसरा एकनाथ मास्तरांचा, म्हणजे गायन. परीक्षा जवळ आली की आधी आमचे तास गणितवाले पळवत. समदुःखी माणसांची मैत्री लवकर जमते म्हणतात, ते खोटं नाही. मास्तर निवृत्त झाले, दोन वर्षांनी मीही झालो, आणि भवानी पेठेत त्यांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी मी हजर. गोदावरी वहिनी म्हणायच्या, "गोपाळराव, शाळा सुटली तरी तुमची हजेरी काही चुकत नाही."

गाण्यातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. सोळा मोजता येतात, आणि सम कुठली ते मास्तरांच्या मानेवरून ओळखता येतं. तरीही मास्तरांच्या गाण्यातली एक गोष्ट मला ठाऊक होती आणि सोलापुरातले मोठमोठे जाणकार ती ऐकून विसरून गेले होते.

मास्तर तरुणपणी सांगलीकडे एका बुवांपाशी शिकले. बुवांची रीत जुनी. नव्या चिजेचा आधी फक्त मुखडा आणि अस्थायी द्यायची, तेवढीच वर्षभर घोटून घ्यायची, आणि शिष्य मनाला आला तर मग पुढचा भाग, म्हणजे अंतरा. केदार रागातली एक चीज मास्तरांनी अशी वर्षभर घोटली. अंतरा मिळायची वेळ आली आणि गावात प्लेग आला. बुवा गेले, अंतरा त्यांच्याबरोबर गेला. अंतऱ्यावाचून चीज म्हणजे एका पायाची खुर्ची. बैठकीत मांडता येत नाही. मास्तरांनी किती गवयांना विचारलं, कुणाकडे ती चीज पुरी नव्हती. शेवटी सोलापुरास नोकरी लागल्यावर त्यांनी स्वतःच अंतरा बांधला.

"बहुतेक अंतरे पंचमावरून वर चढतात," ते मला सांगत. "माझा मध्यमावरून उठतो. केदाराचा जीवच मध्यमात आहे, तर त्याचा हात सोडून कसं चालेल?"

मी मान डोलवी. मला मध्यम म्हणजे मधलं बोट एवढंच ठाऊक.

एकदा वेणीमाधवराव वकिलांच्या घरी दत्तजयंतीच्या बैठकीत मास्तरांनी ती चीज म्हटली, आणि स्वभाव सरळ, म्हणून आधी सांगूनही टाकलं की अस्थायी बुवांची, अंतरा माझा. वकील म्हणजे गावातले गाण्याचे न्यायाधीश. त्यांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला, "मास्तर, शाळेतल्या कवितेला चाल लावणं वेगळं आणि चीज बांधणं वेगळं." त्या दिवसापासून मास्तरांनी ती चीज चारचौघांत म्हटली नाही. शिकवली मात्र एकीला.

ती म्हणजे रत्नम्मा. सिद्रामप्पा सूतवाल्यांची मुलगी. घरात कानडी, दारात मराठी, आणि गळा असा की वहिनी चुलीवरची भाकरी विसरून दाराशी येऊन उभ्या राहत. सात वर्षं ती मास्तरांकडे शिकली. अंतरा शिकवताना मास्तरांनी तिला बजावून सांगितलं होतं, "हा माझा आहे, बुवांचा नव्हे. पुढं मोठा गुरू मिळाला आणि त्याच्याकडे खरा अंतरा असला, तर माझा खुशाल टाकून दे." पुढं लग्न होऊन ती मुंबईस गेली. नवरा गाण्याचा शौकी निघाला आणि त्यानं तिला एका नामांकित खानसाहेबांचा गंडा बांधवून त्यांची शिष्या केलं. खानसाहेबांजवळ चिजांचं भांडार आहे, अशी ख्याती होती.

तर सदतीस सालच्या थंडीत एका सकाळी सिद्रामप्पा धापा टाकत ओसरीवर आले.

"मास्तर, आज आमची रत्नी मुंबईच्या रेडिओत गानार हाय! रातच्याला साडेआठला. वकीलसायबांकडं जायाचं, त्येनी बलावलंय. तुमी येवा की!"

मास्तर एवढंच म्हणाले, "कुठला राग?"

"त्ये मला काय ठावं? गानं हाय म्हनली."

दिवसभर मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी ते मला म्हणाले, "गोपाळराव, तिनं केदार घेतला तर? आणि तीच चीज घेतली तर?"

"मग आनंदच की."

"अहो, पण अंतरा कुठला म्हणेल? खानसाहेबांनी खरा दिला असेल तर आज मला तो ऐकायला मिळेल. सारा जन्म वाट पाहतोय मी त्याची." मग खाली बघत म्हणाले, "आणि खोटं कशाला बोलू, माझा टाकला असेल तर वाईट वाटेल."

म्हणजे माणसाला लाडूही हवा आणि उपासही. मी तसं बोललोही. ते हसले, पण जेवले थोडंच.

वकिलांचा रेडिओ हे एक प्रकरणच होतं. गच्चीवर दोन उंच बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार, आणि दुसरी तार खाली जमिनीत पुरलेली. सोलापूरची जमीन कोरडी ठणठणीत. तिथं ओल नसली की पेटी नुसती कुरकुरते. म्हणून संध्याकाळी गडी त्या खड्ड्यात दोन घागरी ओतायचा. वकिलीणबाई म्हणत, माझ्या मोगऱ्याला एवढं पाणी मिळत नाही. उन्हं असताना मुंबई लागायचीच नाही. अंधार पडला की आवाज येऊ लागे. त्यातही शेजारची पिठाची गिरणी चालू असली की खरखरीशिवाय काही नाही, म्हणून वकिलांनी निरोप धाडून गिरणी लवकर बंद करवली होती. पेठेतल्या बायका उद्या काय म्हणतील याची पर्वा न्यायाधीशांना नसते.

आम्ही सव्वाआठला पोहोचलो. बटण दाबल्यावर लगेच काही झालं नाही. आतले दिवे आधी तापावे लागत. मग घूं घूं झालं, शिट्ट्या झाल्या, आणि त्यातून एकदम माणसाचा आवाज. साडेआठला निवेदकानं सांगितलं, रत्नमाला सोलापूरकर, राग केदार, तीनताल. सिद्रामप्पा ओरडले, "रत्नीच त्ये! नाव जरा लांब केलंय!"

मास्तर ताठ बसले. आधी तंबोरे, मग आवाज. दोनच मिनिटं आलापी झाली. रेडिओवर सगळं गाणं पंधरा मिनिटांत आटपायचं असतं, तांबडा दिवा लागला की थांबायचं, असं वकील आम्हाला समजावत होते. तबला सुरू झाला आणि तिनं मुखडा घेतला, "छाई चांदनी आंगन मोरे."

मास्तरांनी माझं मनगट धरलं. तीच चीज.

अस्थायी रंगली. काय काय करत होती ती! मास्तर मधूनच पुटपुटत, "ही तान खानसाहेबांची. हे माझं नव्हे. वा! हेही माझं नव्हे, पण वा!" त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरून होता, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात बाजूला उघडा. तिनं अस्थायी परत एकदा म्हटली, आवाज जरा वर घेतला. आता अंतरा येणार, हे मलासुद्धा कळलं.

आणि तेवढ्यात मुंबई बुडाली.

असं व्हायचंच. रात्री लांबचा आवाज विहिरीत उतरावा तसा खाली जाई आणि आपसूक वर येई. अशा वेळी बटण फिरवू नये हे वकीलच आम्हाला शिकवत, आणि फिरवायचे तेच. आताही त्यांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. नुसता फसफसाट. सिद्रामप्पा पेटीला कान लावून बसले. सगळ्यांची तोंडं पेटीकडे. मी मात्र मास्तरांकडे पाहत होतो, कारण पेटीत बघण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

मास्तरांचा हात थांबला नव्हता. टाळी, टाळी, हात उघडा, टाळी. डोळे मिटलेले. समेवर मान हलली आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. शब्द मला पाठ होते; सात वर्षं त्या ओसरीवर ऐकले होते मी ते. "मंद पवन मोरी बाती हिलावे." म, प, ब या अक्षरांना ओठ मिटतात ना, ते मला स्वच्छ दिसत होतं. एक आवर्तन झालं. पेटी फसफसतेच आहे. दुसरं लागलं. मास्तर पुन्हा, "मंद..."

"पवन मोरी बाती हिलावे!" पेटीतून आवाज इतका मोठा फुटला की सिद्रामप्पा मागे पडले.

पवनच्या प ला मास्तरांचे ओठ मिटले होते, आणि त्याच क्षणी मुंबईतून तो प आला. दोघं एकदमच समेवर आले. मला गाण्यातलं कळत नाही. पण पायात पाय मिळालेला मला कळतो, जन्म गेला त्यात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कसली?

गाणं संपलं. वकिलांनी मान हलवत हलवत पेटी बंद केली.

"ऐकलंत का मास्तर? मध्यमावरून उठलेला अंतरा! याला म्हणतात खानदानी चीज. दीडदोनशे वर्षांची तरी असेल. असं बांधणारे आता कुठं राहिले?"

मी उठलोच होतो तोंड उघडायला. मास्तरांनी माझं धोतर धरून मला खाली बसवलं. "खरं आहे," ते म्हणाले, आणि चेहरा लहान मुलासारखा लाल झालेला.

बाहेर पडल्यावर मी त्यांच्यावर घसरलो. "अहो, सांगायचं होतं की तोंडावर!"

"कशाला? माझं नाव सांगितलं असतं तर अंतरा पुन्हा शाळेतला झाला असता. आता दोनशे वर्षांचा आहे. राहू द्या." मग सुस्कारा टाकून म्हणाले, "बुवांचा मात्र राहिलाच. खानसाहेबांकडेही नसावा."

मागून येणारे सिद्रामप्पा म्हणाले, "हाय की! दिवाळीला आलती तवा रत्नी म्हनत हुती, त्येनी दुसरा शिकवला, लई जुना. ही म्हनली, शिकते, पर गाताना माज्या मास्तरांचाच गानार. खानसायेब आधी रागावले, मंग हसले म्हनं."

मास्तर रस्त्यातच उभे राहिले. मला वाटलं, आता रडतील. ते मोठ्यानं हसायला लागले. "म्हणजे तो आहे! आणि तिला येतो!"

उन्हाळ्यात रत्नम्मा माहेरी आली. पाया पडून झालं, वहिनींनी पन्हं दिलं. तंबोरा नेहमी शिष्यानं लावून गुरूपुढं ठेवायचा असतो. त्या दिवशी मास्तरांनी तो स्वतः मन लावून सुरात लावला, तिच्या हातात दिला, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"हं, सांग," ते म्हणाले.