मुकादमांचं शून्य

मुकादमांच्या तोंडून "दुखतंय" हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. बायकोनेही नाही. एकदा जिन्यात कपाटाखाली अंगठा चेंगरला, नख उचकटलं, तेव्हा मुकादम एवढंच म्हणाले होते, "कपाट सरळ धरा." हमालांच्या टोळीत नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी ऐकवत. मुकादम स्वतः कधी सांगत नसत, पण सांगणारा कुठे चुकला तर दुरुस्त मात्र करीत.

तर अशा माणसाच्या पायावर छपाईचं यंत्र आलं. ट्रकमधून फळीवरून उतरवताना एकाने पहार वेळेआधी काढली, फळी सरकली आणि मुकादमांची नडगी मोडली. पहार काढणाऱ्याला त्यांनी पडल्या पडल्या शिव्या दिल्या. त्या दुखण्याच्या नव्हत्या, कामातल्या ढिलाईच्या होत्या.

इस्पितळात ऑपरेशनआधी त्यांच्या उशाशी दोन डॉक्टर भांडले. हाडाच्या आत सळई घालणार होता तो हाडांचा डॉक्टर, आणि भूल देणार होत्या त्या भूलवाल्या बाई. मुकादम मधे आडवे. दोघंही त्यांच्या अंगावरून बोलत होते, विकायला काढलेल्या टेबलावरून बोलावं तसे.

"नसेचा ब्लॉक देते," बाई म्हणाल्या. "नसेभोवती सुई, पाय बधिर. पातळ औषध, एकदाच. दुखणं कमी राहील, मॉर्फिन जवळजवळ लागणारच नाही."

"अजिबात नाही. नडगी दणक्याने मोडलीय. आत सूज आली तर मांसाचे कप्पे तटतात, रक्त फिरायचं थांबतं. ते कळतं कशावरून? दुखण्यावरून. तुम्ही दुखणंच झोपवलंत तर पाय मरेल आणि पत्ता लागणार नाही."

"ते दुखणं पातळ ब्लॉकला फोडून वर येतं. ब्लॉक चालू असताना दुखलं म्हणजे धोक्याची घंटाच. आणि तुमचं मॉर्फिन? त्याने गुंगलेला माणूस काय ओरडून सांगतो?"

"पाय गेला तर लोक मला विचारतील. तुम्हाला नाही."

मुकादम खाकरले. "भांडू नका. मला काहीच नको. मी सोसतो."

हाडांच्या डॉक्टरचा चेहरा उजळला. "बघा! पेशंटच म्हणतोय."

मग तडजोड झाली. ब्लॉक नाही. पूर्ण भूल, तीत दुखणं दाबणारं थोडं केटामाइन, जखमेपुरतं सुन्न करणारं इंजेक्शन. नंतर ठरल्या वेळी पॅरासिटामॉल आणि सुजेवरचं औषध. सगळं थोडं थोडं, म्हणजे कुणा एकावर भार नको. ही युक्ती मुकादमांना पटली, जड वस्तू चौघांनी उचलावी तशी. मॉर्फिन मात्र मागितलं तरच. "दुखणं वाढत गेलं तर लगेच सांगा," असं दोघांनीही बजावलं. एकमत झालं ते एवढ्याच वाक्यावर, आणि नेमकं तेच वाक्य चुकीच्या माणसाला सांगितलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सिस्टर येऊन विचारत होती, "मामा, दुखणं दहापैकी किती?"

"शून्य."

"खरंच?"

"शून्य म्हणजे शून्य."

खोटं ते बोलत नव्हते. दुखणं म्हणजे त्यांच्या लेखी माणूस विव्हळतो ते. त्यांना होत होतं ते वेगळं. पोटरी आतून भरत चालली होती, गोणीत धान्य ठासावं तशी, आणि गोणीचं तोंड शिवलेलं. हे "भरणं" होतं. त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

भूलवाल्या बाई फेरीवर आल्या आणि खूश झाल्या. मॉर्फिनचा थेंब नाही! सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "पाहा. चार औषधं नीट जोडली की हे असं होतं." हाडांचा डॉक्टरही खूश. "ब्लॉक नाही म्हणून आपल्याला चित्र स्वच्छ दिसतंय." दोघांचंही बरोबर ठरलं होतं. तिकडे पाय तटत होता.

दुपारी बायको डबा घेऊन आली. मुकादम तिला म्हणाले, "बस हो. दमली असशील. तुझी उगाच धावपळ होते बघ माझ्यापायी."

ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तडक सिस्टरकडे गेली.

"सिस्टर, यांना बघा जरा. गोड बोलतायत."

"मग चांगलंच आहे की, मावशी."

"चांगलं कसलं! अंगठा चेंगरला त्या दिवशी मला म्हणाले होते, भाजी छान झालीय. एरवी त्या तोंडातून भाजीबद्दल चकार शब्द नाही. असह्य झालं की गोड होतात ते."

सिस्टर हसली. पण हसत हसत आली, हे महत्त्वाचं. तिने पांघरूण काढलं. पावलाची नाडी लागत होती. तेवढ्यावर ती थांबली नाही. पोटरी दाबली, तर लाकडाचा ओंडका. मग तिने पायाचा अंगठा धरून हळूच खाली वाकवला.

मुकादमांनी पलंगाची दांडी धरली. चेहरा पांढरा पडला.

"दुखलं ना?"

"नाही. आपलं जरा... भरलंय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. वाढतंय."

"अहो मामा, हेच तर विचारत होते मी!"

"तुम्ही दुखण्याचं विचारत होतात."

सिस्टरने वाद घातला नाही. पट्टी पार कातडीपर्यंत सोडली, पायाखालची उंच उशी काढून पाय छातीच्या पातळीवर आणला आणि फोन केला. हाडांचा डॉक्टर धावतच आला. अंगठ्याशेजारच्या बेचक्यात स्पर्श कळत नव्हता. सुई घालून आतला दाब मोजला, तो रक्तदाबाच्या खालच्या आकड्याला जवळजवळ टेकला होता. लगेच ऑपरेशन, दोन्ही बाजूंनी लांब चिरा, चारही कप्पे मोकळे. आतलं मांस फिकटलं होतं, पण चिमटा लावल्यावर हललं. दुपार टळली असती तर हललं नसतं, असं डॉक्टर बायकोला म्हणाला.

ऑपरेशनच्या टेबलाशी त्यानेच भूलवाल्या बाईंना सांगितलं, "आता तुमचा ब्लॉक द्या."

"आता? काल तर—"

"आता कप्पे उघडेच आहेत. लपायला जागा कुठेय?"

बाईंनी ब्लॉक दिला. "काल ब्लॉक न देताही लपलंच की," असं पुटपुटल्या. डॉक्टरने ऐकलं नाही असं दाखवलं.

ब्लॉक उतरायच्या आधी गोळ्या सुरू करायच्या, असं बाईंनी मुकादमांना समजावलं होतं. सिस्टरने गोळ्या हातात दिल्या. पाय दगडासारखा बधिर असताना गोळ्या गिळणं मुकादमांना फुकटची मजुरी वाटली. त्यांनी त्या बायकोच्या पिशवीत टाकल्या.

सकाळी वॉर्डात चहाची गाडी फिरत असताना ब्लॉक उतरला.

"आई गं! दुखतंय! अगं ए, दुखतंय!"

पलीकडचे पेशंट उठून बसले. बायकोच्या हातून कप सुटला. सिस्टर पळत आली, मागोमाग दोन्ही डॉक्टर. पोटरी दाबली, ती मऊ. बोटं वाकवून पाहिली. बेचक्यातला स्पर्शही थोडा परतला होता. हाडांच्या डॉक्टरने खुर्ची ओढली आणि दम खाल्ला.

"काही नाही, मुकादम. सगळं ठीक आहे. नुसतंच दुखतंय."

"नुसतंच?"

मुकादम खवळले. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून शब्द काढला, आणि त्याला ही किंमत! ते डॉक्टरला ढिला म्हणाले, बाईंना ढिल्या म्हणाले, चहाला पाणी म्हणाले. सिस्टरने गोळ्या कुठे आहेत विचारलं, तेव्हा पिशवीला दोष दिला.

बायको भिंतीला टेकून उभी होती. एकेका शिवीगणिक तिचा जीव भांड्यात पडत होता. शेवटी ती पायथ्याशी गेली.

"बोटं हलवा बघू," ती म्हणाली.

मुकादमांनी शिवी अर्धी सोडली, दात आवळले, आणि पायाचा अंगठा वर उचलला. फार नाही. पण स्वतःच्या जोरावर.