नकाशांच्या खोलीतली अर्धशिशी

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मी नव्यानं शिकवू लागले, तेव्हा शेवटच्या तासापर्यंत माझ्या डोक्याभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. शिवणाच्या बाईंना अर्धशिशी होती. ती उठली की त्यांना नकाशांच्या अंधाऱ्या खोलीत पडायची परवानगी मिळायची. "मलाही अर्धशिशीच आहे," म्हणून मी हेडबाईंशी भांडले आणि परवानगी मिळवलीच.

एका दुपारी आम्ही दोघी तिथे शेजारी शेजारी पडलो. शिवणाच्या बाई भिंतीकडे तोंड करून, पांढऱ्याफटक, उशाशी बादली. मी कपाळाला बाम चोपडला, पाच मिनिटांत कंटाळले आणि सातवीच्या मुलींची गाऱ्हाणी सांगू लागले.

"बाई," त्या डोळे न उघडता पुटपुटल्या, "माझं अर्धं डोकं घण घातल्यासारखं ठणकतंय. उजेड, आवाज, तुमच्या बामाचा वास, काही सोसत नाही. तुम्हाला अर्धशिशी असती, तर तुम्ही गप्प पडला असतात."

मला रागच आला. पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोन्हीकडून आवळतं, ठणकत नाही, ओकारी नाही, जिना चढून वाढत नाही, म्हणजे ही ताणाची डोकेदुखी. वह्यांवर तासन्‌तास मान वाकवून बसू नका, मधेमधे उठा.

पुढच्या वेळी शिवणाच्या बाई आत पडून होत्या, तेव्हा मी दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. डोकं आवळलेलंच होतं. पण हेडबाई मोठ्यानं बोलत आल्या, तेव्हा त्यांनाही मी ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं.